ईआरपीची यूएटी, इश्यू लॉग आणि साइन-ऑफ: कारखान्यांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चाकण, भोसरी आणि रांजणगाव परिसरातल्या मध्यम आकाराच्या कारखान्यांत ईआरपी बसवताना स्टोअर, खरेदी, डिस्पॅच आणि अकाउंट्समधली मंडळी यूएटीविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते येथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. बहुतेक उत्तरांत जॉबवर्कचे एकच उदाहरण घेतले आहे, कारण आपल्या भागातल्या कारखान्यांत ईआरपीचा हिशेब सर्वांत आधी तिथेच चुकतो. उदाहरणातले आकडे समजायला सोपे जावेत असे घेतले आहेत.

1. यूएटी म्हणजे नेमके काय? कन्सल्टंटने एकदा तपासले असताना आम्ही पुन्हा का तपासायचे?

यूएटी म्हणजे युजर अ‍ॅक्सेप्टन्स टेस्टिंग. जे कर्मचारी उद्यापासून या प्रणालीवर काम करणार आहेत, त्यांनी स्वतःचे व्यवहार तिच्यावर करून पाहायचे आणि ती कामाला योग्य आहे की नाही हे लेखी सांगायचे, असा त्याचा अर्थ. कन्सल्टंटने केलेल्या चाचणीत प्रणाली ठरल्याप्रमाणे चालते का, हे पाहिलेले असते. जे ठरले तेच अपुरे होते का, हे मात्र त्या चाचणीतून कळत नाही. प्लेटिंगवाल्याकडून माल किलोत येतो पण आपण तो नगांत मोजतो, ही गोष्ट स्टोअरमधल्या माणसाला ठाऊक असते. कन्सल्टंटला ती कोणी सांगितली नसेल तर त्याच्या चाचणीत ती येणार तरी कुठून?

एका शब्दाबद्दल सुरुवातीलाच सावध करणे आवश्यक आहे. कन्सल्टंट ‘प्रोडक्शन’ म्हणतो तेव्हा त्याला प्रत्यक्ष कामकाजाचा सर्व्हर अभिप्रेत असतो, आणि कारखान्यात तोच शब्द शॉपसाठी वापरतात. ‘सोमवारी प्रोडक्शनला टाकतो’ या वाक्याचे दोन अर्थ दोन बाजूंनी घेतल्याचे प्रसंग आम्ही बैठकींत पाहिले आहेत. म्हणून सर्व लेखी पत्रव्यवहारात ‘टेस्ट सर्व्हर’ आणि ‘लाइव्ह सर्व्हर’ हेच शब्द वापरावेत.

2. चाचणीला कोणाला बसवायचे? विभागप्रमुख बसले तर चालत नाही का?

ज्याच्या हातून रोज जीआरएन होते, त्यालाच बसवावे. विभागप्रमुखांना प्रक्रिया कशी असावी हे माहीत असते. ट्रक दारात उभा असताना आणि चलानावर पार्ट नंबर अर्धवट लिहिलेला असताना स्टोअरकीपर काय करतो, हे त्यांनी कदाचित अनेक वर्षांत पाहिलेले नसते. विभागप्रमुखांचे काम वेगळे आहे. अपेक्षित निकाल बरोबर लिहिला आहे का हे त्यांनी तपासावे आणि शेवटी सही करावी (प्रश्न 10 पाहावा).

स्टोअरमधल्या अनुभवी माणसाची एक अडचण बहुधा उघड होत नाही. स्क्रीनवर काही अडले की ‘सिस्टीमची चूक नसेल, मलाच जमले नसेल’ असे समजून तो गप्प बसतो किंवा शेजारच्या तरुण मुलाकडून काम करून घेतो, आणि कागदावर ‘पास’ लिहिले जाते. हे टाळण्यासाठी पहिल्या दिवशीच स्पष्ट सांगावे की अडलेली प्रत्येक गोष्ट लॉगमध्ये जाईल आणि ती नोंदवणाऱ्याच्या कामाचे मूल्यमापन त्यावरून होणार नाही. शक्य असेल तर चाचणीच्या वेळी त्याच्या शेजारी कन्सल्टंट बसू नये. कन्सल्टंट शेजारी असला की तो नकळत माउस हातात घेतो आणि चाचणी शेवटी त्याचीच होते.

3. यूएटीसाठी किती दिवस ठेवायचे आणि कोणते?

पुण्याच्या औद्योगिक भागात हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. अनेक कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तर हिंजवडी किंवा खराडीहून येणाऱ्या कन्सल्टंटची शनिवार-रविवारी. म्हणजे दोन्ही बाजू एकत्र बसू शकतात असे वार चारच: सोमवार, मंगळवार, बुधवार आणि शुक्रवार. त्यात अकाउंट्स विभागाचा महिना वेगळाच असतो. पहिला आठवडा मागच्या महिन्याचे हिशेब बंद करण्यात आणि 7 तारखेपर्यंत टीडीएस भरण्यात जातो, 11 तारखेला जीएसटीआर-1 आणि 20 तारखेला जीएसटीआर-3बी असते. त्यामुळे अकाउंट्सची माणसे मोकळेपणाने मिळतात ती साधारण 12 ते 18 आणि 21 ते 27 या दोन सात-सात दिवसांच्या पट्ट्यांत. सलग सात दिवसांत वरचे चार वार प्रत्येकी एकदाच येतात, म्हणून सर्वांनी एकत्र बसण्याचे दिवस महिन्याला आठच हाती लागतात. योजनेत ‘तीन आठवडे यूएटी’ असे लिहिलेले असते, पण हे आठ दिवस कोणी मोजलेले नसतात.

आमचा सल्ला असा की पहिला पट्टा पहिल्या फेरीला आणि दुसरा पट्टा दुरुस्तीनंतरच्या फेरचाचणीला द्यावा. मधल्या दिवसांत कन्सल्टंटने दुरुस्त्या कराव्यात. गौरी-गणपती, दिवाळी आणि पालखी मुक्कामाचे दिवस आधीच खोडून टाकावेत.

4. टेस्ट स्क्रिप्ट कोणी लिहायची? कन्सल्टंटने इंग्रजीत दिलेली स्क्रिप्ट वापरली तर चालेल का?

कोणत्या स्क्रीनवर जायचे आणि कोणते बटण दाबायचे, हा भाग कन्सल्टंटने द्यावा. चाचणीचा माल आणि अपेक्षित निकाल मात्र विभागाने लिहावा, तोही चाचणीच्या आधी आणि खऱ्या कागदावरून. गेल्या महिन्याची फाईल उघडून दहा-बारा जॉबवर्क चलान काढावीत आणि त्यांत सरळ व्यवहार थोडे व वाकडे व्यवहार जास्त घ्यावेत: अर्धा माल परत आलेला, रिजेक्शन असलेला, चुकीचा दर लागलेला, एका चलानाचा माल तीन हप्त्यांत आलेला. या व्यवहारांत जुन्या पद्धतीने शिल्लक किती राहिली हे आपल्याला माहीत असते, म्हणून नव्या प्रणालीचे उत्तर पडताळता येते.

भाषेबद्दल सांगायचे तर स्क्रिप्टमधल्या सूचना मराठीत लिहाव्यात आणि स्क्रीनवरची नावे जशी दिसतात तशीच ठेवावीत. इंग्रजी सूचना न समजल्यामुळे राहून गेलेली पायरी लॉगमध्ये दोष म्हणून येते आणि तिच्यावर दोन्ही बाजूंचा वेळ खर्च होतो.

5. स्क्रीनवर कुठलाही एरर आला नाही, तर ‘पास’ लिहायचे ना?

नाही. या पानावरचे सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच असल्यामुळे ते सविस्तर देत आहोत.

चाकणच्या एका कारखान्याने भोसरीतल्या प्लेटिंगवाल्याकडे झिंक प्लेटिंगसाठी 500 ब्रॅकेट पाठवले, असे समजा. एका ब्रॅकेटचे वजन 420 ग्रॅम. आयटम मास्टरमध्ये 1 नग म्हणजे 0.420 किलो असे रूपांतर भरलेले आहे, कारण प्लेटिंगवाला बिल किलोवर लावतो. परत आले 496 नग. चार नग त्याच्याकडे पुन्हा प्लेटिंग करण्यासाठी राहिले. स्टोअरने काट्यावर वजन केले, 209 किलो भरले. स्टोअरकीपरने जीआरएनमध्ये 209 किलो टाकले, प्रणालीने ते स्वीकारले, जीआरएन नंबर आला, आणि स्क्रिप्टमधला अपेक्षित निकाल ‘जीआरएन यशस्वीपणे होते’ असा असल्यामुळे त्याने पास लिहिले.

आता आकडे पाहू. प्लेटिंगनंतर नगाचे वजन वाढते. ब्रॅकेटचे पृष्ठफळ 200 चौरस सेंटिमीटर आणि जस्ताचा थर 10 मायक्रॉन धरला, तर जस्ताची घनता 7.14 असल्यामुळे एका नगावर सुमारे 1.4 ग्रॅम जस्त चढते. म्हणजे नग 421.4 ग्रॅमचा झाला आणि 496 नगांचे वजन 209 किलो भरले. प्रणालीने मात्र 209 ला जुन्या 0.420 नेच भागले. उत्तर आले 497.62, आणि पूर्णांक करताना ते 498 झाले. प्रत्यक्षात स्टोअरमध्ये 496 नग आहेत, प्रणाली 498 दाखवते. प्लेटिंगवाल्याकडे 4 नग आहेत, प्रणाली 2 दाखवते. लाल रंगात काहीही आलेले नाही.

दोन नगांचा फरक किरकोळ वाटतो. पण दर खेपेला असाच फरक पडत गेला, तर प्लेटिंगवाल्याकडची शिल्लक काही महिन्यांत शून्याच्याही खाली जाते, आणि मग एखाद्या दिवशी खरा माल दारात असूनही प्रणाली जीआरएन घेत नाही. शिवाय ही शिल्लक निव्वळ आतल्या हिशेबाची नसते. जीएसटी कायद्याच्या कलम 143 नुसार जॉबवर्कला पाठवलेला कच्चा किंवा अर्धवट माल एका वर्षात परत यावा लागतो, तसा न आल्यास तो पाठवल्याच्या दिवशीच विकला असे धरले जाते. चलानांची ही माहिती आयटीसी-04 मध्ये भरावी लागते. तिथे 4 च्या जागी 2 लिहिले गेले तर कागदावरचा जमाखर्च आणि प्रत्यक्ष माल यांची गाठ पुन्हा कधीच पडत नाही.

म्हणून अपेक्षित निकाल असा लिहावा: ‘जीआरएननंतर प्लेटिंग झालेल्या ब्रॅकेटचा साठा 496 नग, प्लेटिंगवाल्याकडची शिल्लक 4 नग, बिलासाठी वजन 209 किलो.’ चाचणी करणाऱ्याने जीआरएन नंबरवर न थांबता साठ्याचा आणि जॉबवर्करकडच्या शिल्लकीचा अहवाल उघडून हे तिन्ही आकडे पडताळावेत. सॅप वापरणाऱ्यांना ही शिल्लक ME2O या व्यवहारात दिसते. इतर प्रणालींत तिला वेगळे नाव असेल, पण असा अहवाल प्रत्येक ठिकाणी असतो. तो नसेल तर तीच लॉगमधली पहिली नोंद समजावी.

6. इश्यू लॉगमध्ये नेमके काय लिहायचे? व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो टाकला तर पुरत नाही का?

व्हॉट्सअ‍ॅपवर कळवायला हरकत नाही, पण लॉगमध्ये नंबर मिळाल्याशिवाय ती नोंद झाली असे कोणीही मानू नये. ग्रुपवरचा फोटो तिसऱ्या दिवशी वर सरकून जातो, आणि ‘ते झाले का हो?’ या प्रश्नाला कोणाकडेच उत्तर नसते. कारखाना लहान असेल तर एकच सामायिक एक्सेल पुरते. वेगळे सॉफ्टवेअर घेतलेच पाहिजे असे नाही. फक्त लॉग एकच असावा. कन्सल्टंटचा वेगळा आणि आपला वेगळा असे दोन लॉग झाले की शेवटच्या आठवड्यात त्यांचा मेळ घालणे हेच एक स्वतंत्र काम होऊन बसते.

नोंद करणाऱ्याने काय घडले एवढेच लिहावे. ते का घडले याचा अंदाज देऊ नये आणि उपायही सुचवू नये. वरच्या उदाहरणाची नोंद अशी असेल:

> नोंद क्र. 37. स्क्रिप्ट: जॉबवर्क 06, पायरी 4. चलानाने 500 नग पाठवले. जीआरएनमध्ये 209 किलो टाकले. अपेक्षित: साठा 496 नग, जॉबवर्करकडे 4 नग. प्रत्यक्ष: साठा 498 नग, जॉबवर्करकडे 2 नग. चलान क्रमांक, जीआरएन क्रमांक आणि दोन्ही अहवालांचे स्क्रीनशॉट जोडले. पुन्हा करून पाहिले, दुसऱ्या चलानावरही असाच फरक आला.

शेवटचे वाक्य बहुतेक नोंदींत नसते, आणि कन्सल्टंटचा सर्वाधिक वेळ त्यामुळेच वाचतो. याउलट ‘जॉबवर्क जीआरएन चुकते, त्वरित पाहावे’ अशी नोंद आली, तर दोन दिवस प्रश्नोत्तरांतच जातात. स्क्रीनशॉट मोबाईलने तिरका काढलेला नसावा. त्यात वापरकर्त्याचे नाव, तारीख आणि कागद क्रमांक वाचता यावेत.

7. कन्सल्टंट म्हणतात, हा दोष नाही, चेंज रिक्वेस्ट आहे, त्याचे पैसे वेगळे पडतील. हे कसे ठरवायचे?

याचा निर्णय आवाज चढवून होत नाही, सही झालेली प्रक्रिया-टिपणे उघडून होतो. टिपणात लिहिलेले होते आणि प्रणाली तसे करत नाही, तर तो दोष. टिपणात वेगळेच लिहिले होते आणि प्रणाली त्याप्रमाणे चालते, तर आपली मागणी बदलली आहे. मास्टरमध्ये चुकीचा आकडा भरला असेल तर तो डेटाचा प्रश्न, आणि तो भरण्याची जबाबदारी बहुतेक करारांत आपलीच असते. प्रणाली बरोबर असून पायरी चुकली असेल तर प्रशिक्षण हवे. या चारांपैकी कोणता प्रकार हे नोंदवणाऱ्याने ठरवू नये. रोज संध्याकाळी अर्ध्या तासाच्या बैठकीत आपला प्रकल्प समन्वयक आणि कन्सल्टंट यांनी मिळून ते ठरवावे.

नोंद क्र. 37 या चारांपैकी कशातच नीट बसत नाही, म्हणूनच ती उदाहरणाला घेतली. टिपणात लिहिले होते, ‘प्लेटिंगचा माल किलोत स्वीकारला जाईल.’ प्रणाली तेच करते. नगांचे काय करायचे याबद्दल टिपण गप्प आहे. नियमावर बोट ठेवले तर कन्सल्टंटचे म्हणणे चुकीचे नाही. मात्र जॉबवर्करकडची शिल्लक बरोबर दिसावी हे त्याच टिपणात दुसऱ्या जागी लिहिलेले असते, आणि किलोत घेऊन ती बरोबर दिसणे शक्य नाही, हे रूपांतर लावताना कन्सल्टंटच्या लक्षात यायला हवे होते. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंनी ‘टिपणातील त्रुटी’ असा पाचवा प्रकार मान्य करावा आणि काम आधी करून खर्चाचा निर्णय सुकाणू समितीकडे द्यावा, असे आमचे मत आहे. पैशाच्या वादात नोंद उघडी पडून राहिली तर नुकसान कारखान्याचे होते.

8. मग नोंद 37 वर उपाय काय केला? प्लेटिंगनंतरचे वजन मास्टरमध्ये भरले की झाले ना?

पहिल्यांदा सर्वांना हेच सुचते, 0.420 च्या जागी 0.4214 भरा. पण जस्ताचा थर प्रत्येक लॉटला सारखा नसतो. 8 मायक्रॉनला नगावर सुमारे 1.1 ग्रॅम चढते, 12 मायक्रॉनला 1.7 ग्रॅम. मूळ ब्रॅकेटचे वजनही लॉटप्रमाणे दोन-तीन ग्रॅमने इकडेतिकडे होते, आणि 420 ग्रॅमवर 2 ग्रॅमचा फरक म्हणजे 500 नगांत दोनाहून अधिक नगांची चूक. त्यामुळे रूपांतराचा आकडा कितीही बारीक केला तरी नगांची संख्या वजनावरून खात्रीने काढता येणार नाही.

टिकणारा उपाय असा की जीआरएन नगांतच करायचे, नग मोजून किंवा त्याच लॉटचे नमुन्याचे नग ठेवून मोजणीच्या काट्यावर घ्यायचे, आणि वजन ही बिलासाठी वेगळी नोंद ठेवायची. बहुतेक ईआरपींत खरेदी ऑर्डरच्या ओळीवर मालाचे एकक आणि दराचे एकक वेगवेगळे ठेवण्याची सोय असते. ती नसेल तर किलोचे वेगळे रकाने करून घ्यावे लागतात, आणि तेव्हा ते खरोखरच वाढीव काम ठरते.

9. दुरुस्ती झाल्यावर फक्त तीच स्क्रिप्ट पुन्हा चालवायची का?

ती तर चालवायचीच, ज्याने नोंद केली त्यानेच, आणि नव्या चलानावर. जुन्या चलानावरचे चुकलेले आकडे दुरुस्तीनंतरही तसेच राहतात आणि गोंधळ वाढवतात.

त्याशिवाय कन्सल्टंटला एक प्रश्न लेखी विचारावा: नेमके काय बदलले आणि ते आणखी कुठे वापरले जाते? समजा त्याने उपाय म्हणून नगांचे पूर्णांक करण्याची पद्धतच बदलली. मग हीट ट्रीटमेंटच्या जॉबवर्कवर आणि किलोत येणाऱ्या व लांबीवर कापल्या जाणाऱ्या सळईच्या खरेदीवरही तिचा परिणाम होईल. तिथल्या आधी पास झालेल्या स्क्रिप्ट पुन्हा चालवाव्या लागतील. एका ऑर्डरच्या ओळीवरचे एकक बदलले असेल तर इतकी धावपळ लागत नाही. लॉगमधली नोंद फेरचाचणीनंतर, नोंदवणाऱ्यानेच बंद करावी. कन्सल्टंटने ती ‘दुरुस्त’ या स्थितीपर्यंतच न्यावी.

10. साइन-ऑफ म्हणजे कोणाची सही, आणि कशावर? ई-मेल चालेल का?

ई-मेल चालते, फक्त करारात ते मान्य केलेले असावे आणि ई-मेलमध्ये ‘ओके’ एवढेच नसावे. सही त्या प्रक्रियेच्या मालकाने करावी. जॉबवर्कच्या बाबतीत ती एका विभागाची नसते. माल पाठवणे डिस्पॅचचे, परत घेणे स्टोअरचे, बिल अकाउंट्सचे असल्यामुळे तिघांचीही सही हवी. आयटी विभागाच्या सहीने ही सही भरून निघत नाही.

‘संपूर्ण ईआरपीची यूएटी समाधानकारक’ असा एका ओळीचा कागद आला तर त्यावर सही करू नये. प्रत्येक प्रक्रियेचा वेगळा कागद असावा आणि त्यात चाचणी केलेल्या स्क्रिप्टचे क्रमांक, कोणत्या तारखेच्या सेटिंगवर चाचणी झाली, उघड्या राहिलेल्या नोंदींचे क्रमांक आणि जे तपासलेच गेले नाही ते, असे सर्व लिहिलेले असावे. यांतली शेवटची गोष्ट लिहायला सगळे कचरतात. ‘परराज्यातील जॉबवर्कर तपासला नाही, कारण तसा व्यवहार चाचणीच्या काळात उपलब्ध नव्हता’ हे वाक्य कागदावर असेल, तर गो-लाइव्हनंतर त्या पहिल्या व्यवहारावर नजर ठेवायची हे सर्वांना ठाऊक राहते.

11. काही नोंदी उघड्या असताना सही करता येते का?

येते, पण त्या नोंदींची तीव्रता कशी ठरली यावर ते अवलंबून आहे. तीव्रता विभागाने ठरवायची असते, आणि त्यासाठी एकच कसोटी पुरते: ही गोष्ट अशीच राहिली तर सोमवारी ट्रक निघेल का आणि महिनाअखेरीस हिशेब जुळेल का? ट्रक निघणार नसेल तर गो-लाइव्ह थांबवावे लागते. ट्रक निघेल पण हिशेब जुळणार नसेल, तर लेखी पर्यायी पद्धत असल्याशिवाय सही करू नये. बाकी सर्व थांबू शकते. तीव्रता आणि दुरुस्तीचा क्रम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चलानावरचा कंपनीचा पत्ता चुकला असेल तर त्याला लागणारे काम पाच मिनिटांचे आहे, म्हणून ते आधी होऊ शकते, एवढेच.

नोंद 37 गो-लाइव्हच्या दिवशी उघडी असेल तर सशर्त सहीत असे लिहिता येईल: ‘नोंद 37 दुरुस्त होईपर्यंत प्लेटिंगचे सर्व जीआरएन नगांत केले जातील, वजन शेरा या रकान्यात लिहिले जाईल, बिलाची रक्कम अकाउंट्स विभाग हाताने तपासेल. ही पद्धत पुढील महिन्याच्या 12 तारखेपर्यंतच चालेल. जबाबदार व्यक्ती: स्टोअर प्रमुख.’ तारीख नसलेली पर्यायी पद्धत वर्षानुवर्षे तशीच चालू राहते, म्हणून तारखेशिवाय सशर्त सही देऊ नये.

12. चाचणीत ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल कसे तपासायचे?

टेस्ट सर्व्हर सरकारी पोर्टलच्या चाचणी व्यवस्थेला, म्हणजे सँडबॉक्सला जोडलेला आहे, याची लेखी खात्री पहिल्या इनव्हॉइसच्या आधी करून घ्यावी. तो चुकून खऱ्या पोर्टलला जोडलेला असेल तर चाचणीच्या इनव्हॉइसचा खरा आयआरएन तयार होतो आणि तो जीएसटीआर-1 मध्ये जाऊन बसतो. पोर्टलवर रद्द करण्यासाठी 24 तासच मिळतात, आणि रद्द केल्यावरही तोच इनव्हॉइस क्रमांक त्या आर्थिक वर्षात पुन्हा वापरता येत नाही. सावधगिरी म्हणून चाचणीच्या इनव्हॉइसची क्रमांकमालिका वेगळ्या अक्षराने सुरू करावी. जॉबवर्कला माल पाठवताना इनव्हॉइस होत नाही, डिलिव्हरी चलान होते. त्या चलानावर प्रणाली आयआरएन मागत असेल तर ती लॉगमध्ये नोंदवण्याची गोष्ट आहे.

13. मास्टर डेटा अर्धाच भरला आहे. तरी यूएटी सुरू करावी का?

चाचणीसाठी निवडलेल्या चलानांना लागणारे आयटम, जॉबवर्कर आणि दर पूर्ण असतील तर करावी. नसतील तर करू नये. कन्सल्टंटने भरलेल्या ‘टेस्ट आयटम 1’ वर चाचणी केली असती, तर नोंद 37 सापडलीच नसती.

14. सही झाल्यानंतर दोष सापडला. आता कन्सल्टंट म्हणतात, तुम्ही सही केली आहे.

सहीचा अर्थ कागदावर जे लिहिले आहे तेवढाच. सही केलेल्या स्क्रिप्टमध्ये जे तपासले आणि पास झाले, तेच नंतर चुकू लागले तर काहीतरी बदलले आहे, आणि ते शोधणे कन्सल्टंटचे काम आहे. ‘तपासले नाही’ या यादीतला व्यवहार चुकला तर सही आड येत नाही. स्क्रिप्टमध्ये होते पण आकडे न पाहता पास लिहिले (प्रश्न 5), तर आपली बाजू कमकुवत आहे हे मान्य करून गो-लाइव्हनंतरच्या मदतीच्या काळात ते करून घ्यावे. या काळाची मुदत आणि त्यात काय मोफत आहे, हे सही करण्यापूर्वीच करारात पाहून ठेवावे.

15. सही झाल्यावर आणि गो-लाइव्हच्या आधी कन्सल्टंटने एक ‘छोटी’ सेटिंग बदलली. आमची सही अजून ग्राह्य आहे का?

ती सेटिंग ज्या प्रक्रियेला लागते, त्या प्रक्रियेपुरती नाही. कागदावर सेटिंगची तारीख लिहिण्याचा आग्रह प्रश्न 10 मध्ये धरला आहे तो याचसाठी. बदल काय झाला ते लॉगमध्ये नवा क्रमांक देऊन नोंदवावे, प्रश्न 9 प्रमाणे संबंधित स्क्रिप्ट पुन्हा चालवाव्यात आणि मूळ कागदावर खाडाखोड न करता पुरवणी कागदावर नव्या तारखेने सही घ्यावी. गो-लाइव्हच्या आदल्या दिवशी रात्री असा बदल झाला आणि फेरचाचणीला वेळच नसेल, तर बदल मागे घेऊन सही झालेल्या सेटिंगवरच सुरुवात करावी, आणि बदल पुढच्या शुक्रवारी, कारखाना आणि कन्सल्टंट दोघेही हजर असताना, लाइव्ह सर्व्हरवर न्यावा.

16. ज्याने चाचणी केली तो कर्मचारी सही होण्याआधीच नोकरी सोडून गेला. त्याचे निकाल धरायचे का?

स्क्रिप्टवर त्याने चलान क्रमांक, जीआरएन क्रमांक आणि पडताळलेले आकडे लिहिले असतील तर धरावेत. विभागप्रमुखांनी त्यांतल्या दोन-तीन नोंदी टेस्ट सर्व्हरवर स्वतः उघडून पाहाव्यात आणि तसा शेरा लिहून सही करावी. नुसते ‘पास’ लिहिलेले असेल तर त्या जागी आलेल्या नव्या माणसाकडून स्क्रिप्ट पुन्हा चालवून घ्यावी. त्याला तसेही हे काम शिकायचेच असते. त्याने उघड्या ठेवलेल्या नोंदी मात्र त्याच्या नावावर बंद होऊ देऊ नयेत. त्या नव्या माणसाच्या नावावर घ्याव्यात आणि फेरचाचणी करून त्यानेच बंद कराव्यात.